थंबनेल मोठ्या स्क्रीनवर झकास, यादीत मात्र कळतच नाही: दर व्हिडिओला येणारी तक्रार आणि तिचा शोध

माझा मामेभाऊ डाळिंबाची बाग सांभाळतो आणि त्याच बागेत उभा राहून यूट्यूबवर व्हिडिओ करतो. बोलतो चांगला, माहिती पक्की असते. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन ठरलेला: “दादा, व्हिडिओ दाखवला जातोय, पण उघडतच नाही कुणी. थंबनेल बघ ना जरा.” मी बघायचो, रंग थोडा भडक करायचो, अक्षरांना पिवळी किनार द्यायचो आणि परत पाठवायचो. पुढच्या व्हिडिओला पुन्हा तेच रडगाणं. तीनदा असं झाल्यावर लक्षात आलं, की मी दुखणं न बघताच गोळी देत होतो.

ही तक्रार अनेकांची असते म्हणून त्या एका थंबनेलचं काय काय केलं ते सगळं सांगतो. व्हिडिओ होता डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा: फळावरचा डाग तेल्याचाच आहे की दुसऱ्या कशाचा, हे कसं ओळखायचं.

आधी दोष थंबनेलचाच आहे ना, ते बघा

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या आकडेवारीत दोन आकडे असतात: Impressions, म्हणजे थंबनेल किती वेळा समोर आलं, आणि Impressions click-through rate, म्हणजे त्यातल्या किती टक्के वेळा कुणी उघडलं. थंबनेल किमान अर्धं आणि एक सेकंदाहून जास्त वेळ पडद्यावर राहिलं तरच ते पहिल्या आकड्यात धरलं जातं. Impressions मुळातच कमी असतील तर थंबनेलला दोष देण्यात अर्थ नाही, ते कुणासमोर गेलेलंच नाही. टक्का ठीक आहे पण पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक निघून जात आहेत, असं असेल तर थंबनेल वाचलं जातंय, फक्त ते व्हिडिओत नसलेलं काहीतरी सांगतंय. दाखवलं भरपूर जातंय आणि टक्का पडलेला आहे, ही तिसरी गत. आमची तीच होती.

किती टक्के म्हणजे पडलेला? यूट्यूबच्या मदतपानावर असं दिलंय की निम्म्या चॅनलांचा आणि व्हिडिओंचा हा टक्का २ ते १० यांच्या मध्ये असतो. एवढ्या रुंद पट्ट्यातून फारसं काही कळत नाही. म्हणून तुलना स्वतःच्याच चॅनलवरच्या, त्याच प्रकारच्या जुन्या व्हिडिओंशी करायची. आणि एक ध्यानात असू द्या: व्हिडिओ नेहमीच्या सदस्यांपलीकडे अनोळखी लोकांसमोर जायला लागला की हा टक्का आपोआप खाली येतो. तेव्हा घाबरून चाललेलं थंबनेल बदलू नका.

१६८ पिक्सेलवर बघा

थंबनेल आपण १२८० बाय ७२० पिक्सेलच्या कॅनव्हासवर करतो, तेही पडदाभर मोठं करून. बघणारा ते कुठे बघतो? फोनवर मुख्य पानावर पडद्याच्या रुंदीएवढं दिसतं हे खरं. पण प्लेलिस्टमध्ये, पाहिलेल्यांच्या यादीत, संगणकावर व्हिडिओशेजारच्या उभ्या रांगेत ते बोटाच्या दोन पेरांएवढंच असतं. संगणकावरच्या त्या रांगेसाठी मी १६८ बाय ९४ पिक्सेल हे माप धरतो. म्हणजे मूळ चित्र साडेसात पटींहून थोडं जास्त आक्रसतं. मूळ चित्रातल्या ८ पिक्सेलच्या रेघेचा उरतो एक पिक्सेल.

लहान करून बघायला कुठलाही चित्रांचा प्रोग्रॅम चालतो. फक्त लहान केल्यावर पुन्हा झूम करून बघायचं नाही, शंभर टक्क्यांवरच बघायचं. मी आळशी आहे, मला इमेजमॅजिक या प्रोग्रॅमची कमांड बरी पडते. पहिली रंगीत लहान प्रत देते, दुसरी काळी-पांढरी:

```
magick thumb.png -resize 168x small.png
magick thumb.png -resize 168x -colorspace Gray small-gray.png
```

व्हिडिओ आधीच टाकलेला असेल तर यूट्यूबने स्वतः केलेली छोटी प्रत ब्राउझरमध्ये उघडता येते. पत्त्यातल्या VIDEO_ID च्या जागी व्हिडिओच्या लिंकमध्ये v= नंतर येणारी अक्षरं टाकायची. ही प्रत ३२० बाय १८० ची असते:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/mqdefault.jpg
```

याहून खरी परीक्षा अशी: आपल्या फोनवरच्या सुचवलेल्या व्हिडिओंच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्यातल्या एकाच्या जागी आपलं छोटं थंबनेल चिकटवायचं. एकटं थंबनेल नेहमीच बरं दिसतं. शेजारी दहा जण आरडाओरडा करत उभे असले की खरं काय ते कळतं.

तो स्क्रीनशॉट मी मामीला दाखवला. चष्मा न लावता, हातभर अंतरावर, मनात तीन आकडे मोजून फोन उलटा केला.

“मामी, काय दिसलं?”

“कुणीतरी ओरडतंय. हातात टोमॅटो होता बहुतेक.”

“आणि लिहिलंय काय?”

“लिहिलंय होय काही? मला वाटलं पट्टी आहे नुसती.”

स्वतःच्या मुलाला तिने ओळखलं नाही. मामेभाऊ आतल्या खोलीतून ऐकत होता, त्याचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा त्या थंबनेलवर असता तर बरं झालं असतं.

फळ टोमॅटो का वाटलं

मूळ चित्रात तो बागेत कमरेपर्यंत उभा होता, एका हातात डाळिंब. १२८० च्या चित्रात फळाची उंची भरली ११० पिक्सेल, म्हणजे यादीत जेमतेम १४. त्यावरचा डाग मुळात सहा-सात पिक्सेलचा, तो लहान प्रतीत एका पिक्सेलएवढाही राहत नव्हता. सगळा व्हिडिओ त्या डागाबद्दल आणि चित्रात डागच नाही.

नुसतं फळ मोठं करून भागलं नाही, हे काळ्या-पांढऱ्या प्रतीने दाखवलं. पिकत आलेल्या फळाचा गडद लाल आणि डागाचा तपकिरी-काळा, दोन्ही जवळपास एकाच करड्या छटेचे निघाले. रंगीत चित्रात आपल्याला डाग दिसतो, कारण तो कुठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. मग त्याला म्हटलं, हिरवट, अजून रंग न धरलेलं फळ शोध. तेल्या कच्च्या फळावरही येतो, आणि फिकट हिरव्यावर तो काळा डाग शाईच्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. शिवाय डाग वाढला की साल तडकते, इंग्रजी L किंवा Y सारखी भेग पडते. ही भेगच ओळखीची खूण. ज्याच्या बागेत तेल्या येऊन गेलाय त्याला ती भेग अर्ध्या सेकंदात कळते, खाली काही लिहायची गरज नाही.

नव्या चित्रात फळ ४३० पिक्सेल उंच घेतलं, भेग साधारण ९० पिक्सेलची. यादीत फळ ५६ आणि भेग १२ पिक्सेलची होते, आणि दिसते. फोटो काढताना एक अडचण आली. फळ कॅमेऱ्याजवळ धरलं की मागचा चेहरा बारीक होतो आणि धूसरही होतो. शेवटी फळाचा आणि चेहऱ्याचा फोटो वेगवेगळा काढला आणि मग जोडला. दोन्ही एकाच सावलीत, उजेड एकाच बाजूने येईल असे काढले, नाहीतर जोड उघडा पडतो.

चेहरा: किती मोठा, आणि कसला

चेहऱ्याचं गणित मी असं मांडतो. माणसाच्या चेहऱ्याच्या रुंदीचा साधारण पाचवा भाग म्हणजे एक डोळा. मूळ चित्रात केसांपासून हनुवटीपर्यंत चेहरा १५० पिक्सेल होता, यादीत २० पिक्सेल उंच आणि १४ रुंद. त्यात एक डोळा तीन पिक्सेलसुद्धा नाही. तीन पिक्सेलमध्ये काळजी, आश्चर्य, राग काही मावत नाही. उरतं काय तर सगळ्यात मोठा गडद भाग, म्हणजे उघडं तोंड. म्हणून मामीला “कुणीतरी ओरडतंय” एवढंच दिसलं. चेहऱ्याने चौकटीच्या उंचीचा किमान अर्धा भाग घ्यावा, हा माझा ठोकताळा. नव्या चित्रात तो ३८० पिक्सेल घेतला. यादीत ५० पिक्सेल होतो आणि भुवया स्पष्ट दिसतात.

आता भाव. त्याने तोंड उघडून, डोळे फाडून, मोकळा हात गालावर असा फोटो काढला होता, कारण “सगळे तसंच करतात, दादा.” करतात खरे. पण पुढची ओळ वाचा: बघणारा कोण आहे? ज्याची बाग डागाळलीय तो माणूस. रात्री फोन घेऊन तो शोधतोय की हा तेल्याच आहे का. त्याच्यासमोर जत्रेतल्या पाळण्यावर बसल्यासारखं तोंड आलं तर त्याला ही गंमत वाटेल नाहीतर फसवणूक. फळ निरखून बघताना जो चेहरा होतो, भुवया जवळ आलेल्या, मान किंचित पुढे, तोच इथे हवा होता.

हा भाव “चिंता दाखव” म्हणून येत नाही. तसं सांगितलं की माणूस नाटक करतो. मी त्याला खरोखर एक डागाळलेलं फळ दिलं आणि विचारलं, “हा तेल्या आहे का नुसता उन्हाचा चट्टा, नीट बघून सांग.” तो बघत असताना वीसेक फोटो काढले. त्यातले दोन कामाचे निघाले. व्हिडिओतलीच चौकट उचलली तर बोलताना अर्धवट मिटलेले डोळे आणि वाकडं तोंड मिळतं, हालचालीने कडा पुसट होतात. मोठ्या आकारात चालून जातं, लहानात तेच डोळ्यांत भरतं.

आपल्याकडच्या चेहऱ्यांना दोन गोष्टी आडव्या येतात. एक मिशी. जाड मिशीखाली ओठांचा भाव लपतो, मग सगळं काम भुवयांनी आणि मानेच्या कलाने करावं लागतं. दुसरी टोपी. दुपारच्या उन्हात कडा असलेल्या टोपीची सावली थेट डोळ्यांवर येते आणि लहान आकारात डोळ्यांच्या जागी काळी पट्टी उरते. टोपी काढायला तो तयार नव्हता (मलाही ते पटलं नसतं, टोपीवरूनच लोक त्याला ओळखतात). मग झाडाच्या सावलीत उभा केला, तोंड मोकळ्या आभाळाकडे आणि छातीशी थर्माकोलचा पांढरा तक्ता. खालून उजेड पडला, डोळे उघडले.

नजर कुठे हवी? आम्ही फळाकडे ठेवली. कॅमेऱ्यात बघणारा चेहरा आपल्याशी बोलतो, फळाकडे बघणारा आपल्यालाही तिकडे बघायला लावतो. इथे फळ महत्त्वाचं होतं. मुलाखतीचा व्हिडिओ असता तर मी उलट केलं असतं.

अक्षरं: देवनागरीचं दुखणं वेगळं

मूळ थंबनेलवर लिहिलं होतं: “डाळिंबावरील तेल्या रोगाचे संपूर्ण नियंत्रण, १००% खात्रीशीर उपाय”. तीन ओळी. शिवाय चॅनलचं चिन्ह आणि मोबाइल नंबर.

थंबनेलवर अक्षरं किती असावीत याचे जे नियम फिरतात ते बहुतेक रोमन लिपीचे. देवनागरीत ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. त्यामुळे फाँटचा आकार ७० पिक्सेल ठेवला तरी शिरोरेषेपासून तळापर्यंत खरं अक्षर चाळीसेक पिक्सेलचंच असतं. यादीत सव्वापाच. त्यातच शिरोरेषा सगळा शब्द एका रेघेत बांधते, म्हणून लहान झालं की शब्दाचा आकारच जातो आणि पट्टी उरते. मामी बरोबर बोलली होती.

त्यातही कुठली अक्षरं आधी मरतात ते छोट्या प्रतीत बघितलं. “संपूर्ण” मध्ये अनुस्वार आणि रफार दोन्ही शिरोरेषेच्या वर. अनुस्वाराचा ठिपका मुळात दहा पिक्सेलचा, लहान प्रतीत एका पिक्सेलचा होऊन शिरोरेषेला चिकटला. “नियंत्रण” मधला त्र नुसता डाग झाला. “खात्रीशीर” मध्ये दोन वेलांट्या आणि त्री एकमेकांत गेले. आणि वर मीच दिलेली ती पिवळी किनार! बारा पिक्सेलची किनार अक्षराच्या आतल्या पोकळीतही शिरते. ब, व, ळ यांची पोटं बुजली. म्हणजे वाचता यावं म्हणून जे केलं त्यानेच वाचणं बंद केलं. तीन महिने.

मग छाटायला बसलो. मोबाइल नंबर पहिल्यांदा गेला. थंबनेलवरून कुणी नंबर टिपून घेत नाही, तो व्हिडिओच्या खाली शोभतो. चॅनलचं चिन्हही गेलं, चॅनलचं नाव यादीत बहुतेक ठिकाणी यूट्यूब स्वतःच दाखवतं. “डाळिंबावरील” गेलं, कारण डाळिंब समोर आहे आणि शीर्षकातही आहे. शीर्षक थंबनेलच्या शेजारीच स्वच्छ अक्षरांत छापलेलं असतं, तेच पुन्हा चित्रात कोंबायचं कशाला? “१००% खात्रीशीर” वर वाद झाला. तो म्हणाला, त्यानेच लोक उघडतात. मी विचारलं, “तेल्यावर शंभर टक्के उपाय आहे?” गप्प बसला. कुठल्याच बागायतदाराला ते पटणार नाही, आणि व्हिडिओत त्याने स्वतःही तसं म्हटलेलं नव्हतं.

उरलं “हा तेल्याच का?” शेतकरी एकमेकांना फळ दाखवून अगदी हेच विचारतात. त्यातला “हा” सुद्धा काढला, कारण चित्रात बोट डागाकडे दाखवत होतं. बोट भेगेवर येणार नाही एवढं मात्र बघितलं.

“तेल्याच का?” या दोन शब्दांत जोडाक्षर एकच, अनुस्वार नाही, खाली उकार नाही. एका ओळीत सहाशे पिक्सेलच्या आत बसलं. शिरोरेषेपासून तळापर्यंत अक्षर ९५ पिक्सेल झालं, यादीत साडेबारा. माझा अनुभव असा की लहान प्रतीत हे माप दहाच्या खाली गेलं की जोडाक्षर ओळखू येत नाही. म्हणजे मूळ चित्रात ऐंशीच्या खाली उतरायचं नाही. तेवढं बसत नसेल तर फाँट बारीक करण्याऐवजी शब्द कमी करायचा.

‘मुक्त’ नावाचा फाँट घेतला, बोल्ड. सगळ्यात जाड वजन टाळलं, त्यात पोकळ्या बुजतात. बलू २ सुद्धा चालतो, जरा गोलसर आणि खेळकर दिसतो, रोगाच्या विषयाला मला तो नको वाटला. किनार काढून टाकली आणि अक्षरांमागे गडद पट्टा दिला, वर पिवळी अक्षरं. दोन ओळी करायच्याच असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा भिडतात का ते आधी बघा. ओळींतलं अंतर रोमनला ठेवतो त्यापेक्षा जास्तच लागतं.

उजवा खालचा कोपरा

हा दोष पटकन सापडतो आणि तरी राहून जातो. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं. थंबनेल लहान झालं तरी तो आकडा त्या प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे छोट्या चित्राचा मोठा भाग खातो. मी कॅनव्हासवर उजवीकडून पाव रुंदी आणि खालून पाचवा हिस्सा उंची एवढा कोपरा मोकळा सोडतो. जुन्या चित्रात “उपाय” मधला “य” तिथेच गाडला गेला होता. आता तिथे खांदा आहे. अगदी तळाशीही काही लिहू नका. अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओवर तिथे लाल रेघ येते.

बदलल्यावर फरक पडला की नाही

इथे लोक घाई करतात. समजा चित्र हजार वेळा दाखवलं गेलं आणि टक्का ४ आहे, म्हणजे ४० जणांनी उघडलं. काहीही न बदलता पुढच्या हजारात हा आकडा २८ ते ५२ मध्ये कुठेही पडू शकतो, नुसत्या योगायोगाने. म्हणजे २.८ वरून ५.२ वर गेलं म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि उलटं झालं म्हणून डोकं धरायचं नाही. छोट्या चॅनलला काही दिवस थांबावंच लागतं.

स्टुडिओत संगणकावरून थंबनेलांची A/B चाचणी घ्यायची सोय मिळते. त्यात तीनपर्यंत थंबनेल टाकता येतात आणि यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं. यात निकाल किती जणांनी उघडलं यावर लागत नाही, कुठल्या थंबनेलमुळे जास्त वेळ पाहिलं गेलं यावर लागतो. डोळे फाडलेला चेहरा लोकांना आत ओढेल, पण ते वीस सेकंदांत परत गेले तर तो इथे हरतो. आम्ही दोनच टाकली: तोच फोटो, एकात अक्षरं आणि एकात काहीच नाही. चेहरा, फळ आणि अक्षरं सगळं एकदम बदललं असतं तर जिंकणारं का जिंकलं ते कळलं नसतं. प्रेक्षक कमी असतील तर ही चाचणी निकाल न देताही संपू शकते, आमची तशीच संपली. मग अक्षरं ठेवली, कारण मामीला दुसऱ्या खेपेला “तेल्याच का” वाचता आलं होतं.

पुन्हा पुन्हा का होत होतं

मूळ होतं त्याच्या टेम्प्लेटमध्ये. पहिल्या व्हिडिओच्या वेळी कुणीतरी करून दिलेलं, त्यात अक्षरांना तीन ओळी, चिन्हाला एक गोल, नंबरला एक पट्टी. दर वेळी तो रिकाम्या जागा भरायचा. तीन ओळींची जागा समोर दिसली की माणूस तीन ओळी लिहितोच. ते फेकून दिलं. नव्यात अक्षरांचा एकच पट्टा आहे, उजव्या कोपऱ्यावर लाल चौकोन आहे जो निर्यात करताना लपवायचा, आणि शेजारी १६८ पिक्सेलची एक चौकट आहे, तिच्यात तेच चित्र लहान करून ठेवायचं.

परवा त्याने खोडकिडीच्या व्हिडिओचं थंबनेल पाठवलं, आधी छोटं, मग मोठं. छोट्यात “खोड” चा “ख” मला “रव” वाटला. कळवलं तर म्हणाला, “आत्यालापण तसंच वाटलं,” म्हणजे त्याने आता माझ्या आईला धरलंय. फाँट एक पायरी हलका करून आणि अक्षर जरा मोठं करून त्याने तासाभरात परत पाठवलं.